जुना मित्र फोटोवरून कसा ओळखावा

चाळीस वर्षांनी भेटणाऱ्या शाळासोबत्याला घ्यायला स्टेशनवर निघाला असाल, तर मोबाइलमध्ये त्याचा एक फोटो ठेवा. बास, एवढी तयारी पुरे. तो फोटो कधी काढला, कोणी काढला, असल्या नसत्या चौकशा रिकामटेकड्यांनी कराव्यात.

फोटो शक्यतो सेल्फी असावा. हातभर अंतरावरून काढला की नाक फुगतं, कान मागे सरकतात आणि चेहरा कोणाचाही वाटू शकतो. निवडीला भरपूर वाव मिळतो.

खूण म्हणून तीळ धरावा. परवा ज्या गृहस्थांनी मला गाठलं त्यांनी तीळच धरला होता. जिन्याशी उभा होतो, पाठीत धपाटा बसला. ‘‘पक्या, लेका! किती वर्षांनी!’’ मी म्हटलं, मी पक्या नाही. ‘‘तुझी नाटकं अजून गेली नाहीत,’’ म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत टक्कल, चष्मा, आणि पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला गालावर तीळ. माझा तीळ डाव्या गालावर, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या हातालाच. झालं, मी पक्या!

आता त्याच फोटोत मागे एक पाटी होती. तिच्यावरची अक्षरं उलटी होती. पुढच्या कॅमेऱ्यात आपण स्वतःला आरशातल्यासारखे दिसतो, आणि काही फोनांत तसंच सेटिंग असलं की फोटोही तसाच उलटा साठवला जातो. मग उजव्या गालावरचा तीळ डाव्यावर जातो, भांग बाजू बदलतो, शर्टाचा खिसा उजवीकडे येतो. अक्षर असेल तर चोरी लगेच पकडता येते. म्हणजे खऱ्या पक्याचा तीळ उजव्या गालावर होता. ज्या खुणेवर गृहस्थांनी मला पकडलं, तीच खूण मी पक्या नाही हे ओरडून सांगत होती! मी पाटीवर बोट ठेवून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘तू लहानपणापासूनच वाद घालतोस.’’

एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव ‘पक्या’. त्यांनी मोठ्या प्रेमाने मला दाखवलं, ‘‘बघ, तुझाच फोन!’’ आणि कापला. माझ्या एका हातात पिशवी होती, दुसरा हात त्यांच्याच हातात होता. फोन मी कशाने लावत होतो, पायाने?

समोरचा माणूस नाही म्हणाला तर मुळीच ऐकू नका. तो लाजतोय.

फोन परत वाजला तर परत कापा.

ओळख पटवायला शाळेतलं काही विचारू नका. वर्गशिक्षकांचं टोपणनाव विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता आणि सगळी मजाच गेली असती.

आणि लगेच सेल्फी काढा, शाळेच्या ग्रुपवर टाका. ‘बघा कोण सापडला!’ ग्रुप तरी काय सांगावा! टाळ्या, हार, ‘पक्या, अजिबात बदलला नाहीस.’ एकालाही शंका आली नाही, कारण त्यांच्यापैकी कोणाला या वयातला पक्या ठाऊकच नाही. त्यांना आठवतो तो अर्ध्या चड्डीतला पोरगा, आणि फोटोतल्या माणसाशी त्याची ओळख ते मनातल्या मनात जुळवून टाकतात. ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवरचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस समोर उभा, पण फोटो भलत्याचा, अशा प्रसंगांत त्यांनी शंभरातल्या 14 वेळा ‘हाच तो’ म्हटलं. ज्यांचं पोट या कामावर चालतं त्यांची ही गत. पण निदान ते ग्रुपवर हार तरी घालत नाहीत.

शेवटी खरा पक्या जिना उतरून आला. उजव्या गालावर तीळ घेऊन. आमच्यात साम्य म्हणाल तर टक्कल आणि चष्मा, म्हणजे या वयात निम्म्या फलाटाशी असतं तेवढं. गृहस्थ ओशाळले असतील असं वाटलं? छे! माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘अहो, मग आधी सांगायचं नाही का?’’

आधी? अहो, मी दुसरं काय सांगत होतो? जिता माणूस तोंडाने सांगतोय की मी तो नव्हे, आणि तुम्ही काचेवरच्या चित्राचं ऐकता? फोन वाजतोय तो उचलायचा, ‘कुठे उभा आहेस’ विचारायचं, नाहीतर समोरच्याला ‘आपण अमुक का?’ म्हणायचं. याला अक्कल लागत नाही, तोंड लागतं. अनोळखी माणसाच्या पाठीत धपाटे घालायचा परवाना तुम्हाला कोणी दिला? माझी गाडी गेली ती गेलीच. आणि तो ग्रुपवरचा माझा फोटो अजून तिथेच असेल तर काढून टाका, आजच्या आज. ‘चुकून पडला’ वगैरे लिहीत बसू नका. काढा.