रोज दहा कार्डं की शेवटी चाळीस: एका प्रतिक्रियेला उत्तर

मत्स्यशास्त्राच्या स्लाईडवरून अँकीत, म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं वाढत्या अंतराने समोर आणणाऱ्या ॲपमध्ये, रोज १० कार्डं घ्या आणि त्यांना आठवड्याचा टॅग लावा, असा लेख मी लिहिला होता. त्यावर आलेली प्रतिक्रिया: «ताई, रोज १० कार्डं, आठवड्याचे टॅग वगैरे शहरातल्या रिकाम्या मुलांचे लाड आहेत. आमच्याकडे पावसात लाईट नसते. लेक्चर संपली की सगळ्या स्लाईड एकदम घ्यायच्या, रोज ४० कार्डं मारायची, २१ दिवसांत ८४० उरकतात. टॅगपेक्षा आठवड्यागणिक वेगळे डेक बरे. आणि चित्रांच्या कार्डांवर तुम्ही काही लिहिलंच नाहीत.»

चित्रांचं तुमचं म्हणणं मान्य. तो भाग मी दोन ओळींत उरकला होता, त्यावर स्वतंत्र लिहीन. वेगळ्या डेकची चर्चा आधीच्या लेखाखाली भरपूर झाली आहे, ती पुन्हा उकरत नाही.

पण «रिकाम्या मुलांचे लाड» हे शब्द मी सोडणार नाही. माझी आई हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मासळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दापोलीच्या बाजारात विकायची. मत्स्यशास्त्राचा अभ्यास मी सुट्टीत तिच्याबरोबर पाटी वाहून केला आहे. पावसात दोन-दोन दिवस लाईट नसणं मला कोणी सांगायला नको. अँकी फोनवर नेटशिवाय चालतं, चार्जिंग असेल तेव्हा दहा मिनिटं काढली की रोजचं काम होतं. रोजचा आकडा लहान ठेवण्याचं कारणच मुळी हे होतं. लेख पूर्ण वाचून मग लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

आता तुमचे २१ दिवस. हिशेब तुमच्याच आकड्यांवर करते, कारण ८४० हा आकडा तुम्ही माझ्याच लेखातून घेतला आहे. आठवड्याला तीन लेक्चर, प्रत्येकी साधारण ३० स्लाईड, म्हणजे ९०. त्यातून शीर्षकं, अनुक्रम, आधी येऊन गेलेली चित्रं आणि नुसते मुद्दे मोजणाऱ्या स्लाईड काढल्या की ३० उरतात. एकेकीची सरासरी दोन कार्डं होतात. आठवड्याला ६०, सहा दिवस रोज १०, रविवारी नवीन काही नाही. असे १४ आठवडे.

लेक्चर संपल्यावर परीक्षेपर्यंत तीन आठवडे मिळतात असं धरू. तुमच्या पद्धतीत पहिल्या दिवशी घेतलेलं कार्ड ठीकठाक आठवत गेलं तर साधारण दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने समोर येतं. म्हणजे तिसरी उजळणी अकराव्या दिवसाच्या आसपास. अंतरं प्रत्येकाच्या सेटिंगनुसार थोडी पुढेमागे होतील, पण क्रम हाच राहतो. आता परीक्षेआधीचे शेवटचे १० दिवस बघा. त्या दहा दिवसांत तुम्ही ४०० नवी कार्डं घेता आणि त्यांतल्या एकालाही तिसरी उजळणी मिळत नाही. कार्डं आठवड्याच्या क्रमाने घेतलीत तर ही ४०० म्हणजे आठव्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंतचा जवळजवळ सगळा भाग. अर्धा अभ्यासक्रम पेपरला जाताना एक-दोनदा पाहिलेला. त्याला उरकणं म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या हिशेबात ती कार्डं सुरूच झालेली नाहीत. अंतर वाढत जाणं हा या पद्धतीचा जीव आहे, आणि अंतर वाढायला दिवस लागतात. कार्डांचा आकडा वाढवून दिवस मिळत नाहीत.

रोज १० घेणाऱ्याची चौदाव्या आठवड्याची कार्डं त्याच आठवड्यात सुरू होतात. पुढच्या तीन आठवड्यांत `New cards/day` शून्यावर ठेवायचं आणि फक्त उजळणी करायची. पेपरच्या दिवशी त्याच्या सर्वांत नव्या कार्डालाही तिसरी उजळणी मिळून गेलेली असते. सेमिस्टरच्या मध्यावर त्याला रोज पन्नास ते सत्तर कार्डं येतात. एकेकाला आठ-दहा सेकंद धरले तर दहा मिनिटांच्या आत-बाहेर.

आणि ही ८४० कार्डं तुम्ही बनवणार कधी? यावर तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही. कार्डामागे एक मिनिट धरलं तरी चौदा तास होतात, तेही त्याच २१ दिवसांत. शिवाय जुलैमधली स्लाईड नोव्हेंबरात उघडली की तिच्यावर सर काय बोलले होते ते गेलेलं असतं. बांगड्याची स्लाईड घ्या. तिच्यावर सहा मुद्दे होते आणि सहाही कार्डात कोंबायची गरज नव्हती. लेक्चरच्याच संध्याकाळी मी तीन कार्डं केली: तोंड उघडल्यावर कोणत्या माशाचे लांब गिल रेकर दिसतात, काळा ठिपका नेमका कुठे असतो (छातीच्या पराच्या खालच्या कडेजवळ), आणि पाठीच्या दुसऱ्या परामागे छोटे सुटे पर किती (पाच). पर मोजायला सरांनी टेबलावर खरा बांगडा ठेवला होता, म्हणून तिसरं कार्ड करावंसं वाटलं. स्लाईडवर ती ओळ सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात होती. तीन महिन्यांनी मी ती वगळलीच असती.

टॅगची गरज इथेच पडते. टॅग लावल्याने कार्ड कधी येणार यात काडीचाही फरक पडत नाही, सगळे आठवडे मिसळूनच येतात आणि तसेच यायला हवेत. टॅग हिशेबाला लागतो. `fish::w08` असा टॅग घातला की अँकीच्या ब्राउझरमध्ये हे टाकता येतं:

```
tag:fish::w08 is:new
tag:fish::w08 prop:lapses>2
```

पहिल्या ओळीने आठव्या आठवड्यातली न उघडलेली कार्डं दिसतात, दुसरीने दोनपेक्षा जास्त वेळा विसरलेली. दुसऱ्या यादीत एकाच लेक्चरची सात-आठ कार्डं आली तर दोष स्मरणशक्तीत शोधू नका. ते लेक्चर समजलेलं नसतं किंवा कार्डात दोन प्रश्न कोंबलेले असतात. अशी कार्डं थांबवायची, स्लाईड पुन्हा वाचायची आणि नव्याने लिहायची.

गणपतीत कोकणातला कुठला विद्यार्थी अभ्यास करतो, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगते. पाच दिवस नवीन शून्य ठेवायचं, उजळणी जमेल तेवढी करायची. ५० कार्डं मागे पडतात. परत आल्यावर पुढचे चार आठवडे रोज १० ऐवजी १२ घेतली की ती जवळजवळ सगळी भरून निघतात. एकदम ५० घेतलीत तर आठवडाभर उजळणी फुगते. `Maximum reviews/day` डीफॉल्ट २०० असतं. थकलेली उजळणी त्या आकड्याला भिडली की अँकी नवीन कार्डं गुपचूप कमी दाखवतं. ठरवलेल्यापेक्षा नवीन कार्डं कमी येताना दिसली तर आधी थकबाकी बघायची, मर्यादा वाढवायच्या मागे लागायचं नाही.

तुमची पद्धत चालते असं तुम्ही छातीठोकपणे लिहिलंत, किती लक्षात राहतं याचा एकही आकडा न देता. येत्या पेपरच्या आदल्या रात्री तुमच्या डेकमध्ये `tag:fish::w14 prop:ivl<7` टाका, fish च्या जागी तुमच्या विषयाचा टॅग, आणि अंतर अजून सात दिवसांखाली असलेली किती कार्डं दिसतात ते इथे लिहा. टॅग लावलेच नसतील तर नुसतं `prop:ivl<7` टाका. तो आकडा आल्यावर मी पुढे बोलेन.