एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवू नका

मावशीकडे नवीन गिझर आला, ३००० वॅटचा. वीस-पंचवीस मिनिटं चालला की बोर्डातला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. तो १० अँपिअरचा होता. वायरमनने तो काढून २५ चा लावला. पडणं थांबलं, सगळे निश्चिंत. मी मेन बंद करून बोर्ड उघडला, तर आत दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची वायर, आणि त्याच वायरवरून इस्त्रीचा पॉइंटही पुढे नेलेला. काम होईपर्यंत मी गिझर वापरायचा नाही असं सांगून आलो.

माझं म्हणणं एवढंच आहे: एमसीबी गिझरसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. वायर जेवढा करंट सोसते त्याच्या आत एमसीबीचा आकडा हवा आणि गिझरला लागणाऱ्या करंटच्या वर हवा.

मावशीचाच हिशोब घ्या. ३००० भागिले २३० म्हणजे १३ अँपिअर. १० चा एमसीबी पडत होता, कारण पडणं हेच त्याचं काम. पाइपातून गेलेली दीडची तांब्याची वायर उन्हाळ्यात १५ अँपिअरच्या आसपास सोसते, म्हणजे एकटा गिझर ती कशीबशी पेलते. पण सोबत १००० वॅटची इस्त्री लावली की करंट १७ च्या वर जातो. वायर तापते, आणि २५ चा एमसीबी ढिम्म हलत नाही. आकड्यापेक्षा थोडा जास्त करंट गेला की एमसीबी लगेच पडतो, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नसतं. घरगुती एमसीबी सव्वा पट करंटलाही बराच वेळ तग धरतो. दीड पटीच्या जवळ गेल्यावर तासाभरात पडेल एवढीच त्याची हमी. २५ च्या बाबतीत ती हमी ३६ अँपिअरला सुरू होते. तोवर दीडच्या वायरचं इन्सुलेशन भाजून निघेल.

शेवटी गिझरसाठी बोर्डापासून वेगळी अडीचची वायर ओढली. फेज आणि न्यूट्रल दोन्ही अडीचचे, अर्थिंग पक्कं, १६ चा एमसीबी, १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याच्या आधी, करंट गळाला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. अडीचची वायर अशा पाइपात वीसच्या वर सोसते, म्हणून १६ आरामात बसतो. एकाच पाइपात अनेक लोडच्या वायरी कोंबल्या असतील तर मात्र ही क्षमता घटते. तिथे मी चारची घेईन.

एसीचं गणित थोडं वेगळं. प्लेटवर लिहिलेला जास्तीत जास्त करंट धरा, टनावरून अंदाज नको. साध्या कॉम्प्रेसरला सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट लागतो, म्हणून 'सी' प्रकारचा एमसीबी घ्या. 'बी' प्रकारचा त्या धक्क्याने पडू शकतो, आणि मग पुन्हा कुणीतरी मोठा आकडा सुचवतो.

आणि एक. गिझर चालू असताना प्लगचा जळका वास आला किंवा सॉकेट पिवळं पडलं, तर बहुधा तिथला स्क्रू सैल आहे. करंट १३ च असतो, त्यामुळे एमसीबीला हे कधीच कळत नाही. मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा.