निगेटिव्ह रक्ताच्या पन्नास पिशव्या आणि बेचाळीस दिवसांची मुदत

«पुण्यातल्या रक्तपेढ्या शिबिरात गोळा केलेलं रक्त मुदत संपली की गटारात ओततात आणि निगेटिव्ह गटवाल्यांना मात्र ‘नाही’ म्हणून परत पाठवतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक पेढीला प्रत्येक निगेटिव्ह गटाच्या ५० पिशव्या कायम ठेवायला लावा. तसंही १५ दिवसांपेक्षा जुनं रक्त निरुपयोगीच. म्हणून शिबिरात देऊ नका, घरच्या माणसाला लागेल तेव्हाच ताजं द्या. हा मेसेज सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

हा मजकूर माझ्या भावोजींनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. एवढ्यावर भागले असते तर मी गप्प बसलो असतो. पण त्यांच्या सुनेला नववा महिना लागला आहे, तिचा गट ओ निगेटिव्ह आहे आणि हा मजकूर वाचून भावोजींनी एका रक्तपेढीत चार पिशव्या आतापासूनच अडवून ठेवण्याची विनंती केली आहे. रक्तपेढीच्या साठ्याच्या नोंदवहीवर मी बरीच वर्षे काम केले असल्यामुळे काही गोष्टी आकड्यांनिशी लिहिणे भाग आहे.

पन्नास पिशव्यांपासूनच सुरुवात करतो. दिवसाला तांबड्या पेशींच्या साधारण १२ पिशव्या देणारी एक मध्यम आकाराची पेढी डोळ्यांसमोर आणा. पोषक द्रावणात, २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेल्या तांबड्या पेशींची मुदत ४२ दिवस असते. जुन्या पद्धतीच्या पिशवीत ती ३५ दिवस असते. म्हणजे एका पिशवीच्या आयुष्यात ही पेढी सुमारे ५०० पिशव्या देते. आपल्याकडे शंभरातल्या साधारण दोघांचा गट ओ निगेटिव्ह असतो आणि एबी निगेटिव्ह तर हजारात चार-पाच जणच सापडतात. त्या हिशेबाने या पेढीकडून बेचाळीस दिवसांत ओ निगेटिव्हच्या दहाएक आणि एबी निगेटिव्हच्या जेमतेम दोन पिशव्या जातील. तिने एबी निगेटिव्हच्या ५० पिशव्या ठेवल्या, तर दर सहा आठवड्यांनी त्यांतल्या ४८ फेकाव्या लागतील. ज्या नासाडीबद्दल या मजकुरात गळा काढला आहे, ती या उपायाने अनेक पटींनी वाढेल.

या पन्नास पिशव्या येणार कुठून, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. साठा कायम ५० वर ठेवायचा असेल, तर वर्षाला सुमारे ४३५ एबी निगेटिव्ह पिशव्या गोळा कराव्या लागतील. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिन्यांचे अंतर ठेवावे लागते, स्त्रीला चार महिन्यांचे. म्हणजे वर्षातून न चुकता चार वेळा येणारे किमान ११० पुरुष एकट्या या पेढीला हवेत, आणि एवढे एबी निगेटिव्ह पुरुष सापडायला सुमारे सत्तावीस हजार पुरुषांचे गट तपासावे लागतील. पुण्यात अशा पेढ्या वीसहून अधिक आहेत. दुसरे असे, की ज्या दात्याचे रक्त आपण कपाटात ठेवून वाया घालवतो, तो पुढचे तीन महिने खऱ्या गरजेच्या वेळी रक्त देऊच शकत नाही. दुर्मिळ गटाचे रक्त दात्याच्या अंगात असते तोवर त्याला मुदत नसते. पिशवीत भरले की त्याच दिवसापासून ती सुरू होते. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ गट आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एकाचा असतो. त्या गटाच्या पिशव्या सहसा कपाटात नसतात, दात्यांची यादी ठेवलेली असते आणि त्यात गैर काहीच नाही.

मग पेढी ठरवते कसे? सरासरी खप, नवी पिशवी यायला लागणारे दिवस आणि एका रक्तस्रावाची सोय या तीन गोष्टींवरून. वरच्या पेढीत ओ निगेटिव्हची पिशवी सरासरी चार दिवसांनी एक लागते, पण ती अशी रांगेने लागत नाही. बारा दिवस कोणी विचारत नाही आणि मग एका रात्री प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात चार-पाच जातात. म्हणून चार-पाच पिशव्या कपाटात असतात आणि साठा तीनवर आला की नोंदलेल्या दात्यांना फोन जातात. आठ पिशव्या लागल्या तर? शेजारच्या पेढीकडून मागवतात. एका पेढीने दुसरीला रक्त देण्यावरचे बंधन २०१५ मध्ये केंद्राने सैल केले ते याचसाठी, आणि ज्या पिशवीचे दहा-बारा दिवस उरले आहेत ती मोठ्या, जास्त खपाच्या रुग्णालयाकडे पाठवण्यासाठी. तरीही कमी पडले आणि रुग्ण पुरुष किंवा वयस्क स्त्री असेल, तर जीव वाचवायला डॉक्टर ओ पॉझिटिव्ह देण्याचा निर्णय घेऊ शकतात. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीसाठी मात्र निगेटिव्ह पिशवी शक्य तितकी राखली जाते, कारण पॉझिटिव्ह रक्तामुळे तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे पुढच्या गर्भाला घातक ठरू शकतात.

निगेटिव्ह गट सगळे सारखेच अडचणीचे नसतात, हेही त्या मजकुरात कुठे दिसत नाही. एबी निगेटिव्ह रुग्णाला ए, बी किंवा ओ या कोणत्याही निगेटिव्ह गटाच्या तांबड्या पेशी चालतात. त्याच्यासाठी ‘फक्त एबी निगेटिव्ह, तातडीने’ असे संदेश फिरतात, तेव्हा बहुतेकदा जवळच्या पेढीत चालणारी ए निगेटिव्ह पिशवी असते. ओ निगेटिव्ह रुग्णाला मात्र ओ निगेटिव्हच लागते आणि तिच्यावर इतर सगळ्यांचाही डोळा असतो. मुदतीचा शेवटचा आठवडा आला की ती पिशवी ओ पॉझिटिव्ह रुग्णाला देऊन टाकतात. कागदोपत्री ती वापरली जाते, वाया गेली असे दिसत नाही, पण दुर्मिळ पिशवी साध्या कामाला खर्च झाली हे खरे असते. ही नासाडी कोणत्याही आकडेवारीत येत नाही, आणि साठा फुगवला तर हीच सर्वांत आधी वाढेल.

शेवटच्या सल्ल्याने मी सर्वांत जास्त अस्वस्थ आहे, कारण तो नुसता चुकीचा नसून धोकादायक आहे. रक्ताच्या नात्यातल्या माणसाचे ताजे रक्त हे सर्वांत सुरक्षित, अशी समजूत घरोघरी आहे. ताज्या रक्तात दात्याच्या जिवंत पांढऱ्या पेशी भरपूर असतात. दाता आई, वडील, भाऊ किंवा मूल असेल, तर कधी कधी रुग्णाचे शरीर त्या पेशींना परके म्हणून ओळखत नाही आणि नष्टही करत नाही. त्या वाढतात आणि रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर आणि अस्थिमज्जेवर हल्ला करतात. एक-दोन आठवड्यांनी ताप, पुरळ, जुलाब आणि रक्तपेशींची घसरण सुरू होते. हा विकार विरळा असला, तरी झालेल्यांपैकी बहुतेक रुग्ण दगावतात. तो टाळण्यासाठी नातेवाइकाची पिशवी किरणोत्साराने प्रक्रिया करूनच देतात, आणि ते यंत्र प्रत्येक पेढीत नसते. शिवाय रक्त कितीही ताजे असले, तरी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या चाचण्या झाल्याशिवाय ते देता येत नाही. त्याला काही तास लागतात आणि रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीकडे तेवढे तास नसतात. तिला वाचवते ती अनोळखी माणसाने आठ-दहा दिवसांपूर्वी दिलेली, तपासून ठेवलेली पिशवी. नवऱ्याचे रक्त बायकोला देणेही डॉक्टर टाळतात, कारण त्यातून तयार होणारी प्रतिपिंडे पुढच्या मुलाला त्रास देऊ शकतात.

पंधरा दिवसांच्या गोष्टीवर फार शाई खर्च करत नाही. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये चार देशांतल्या रुग्णालयांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुख्य विश्लेषणात वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. एका गटाला सरासरी १३ दिवसांचे आणि दुसऱ्याला सुमारे २४ दिवसांचे रक्त मिळाले. रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे ९.१ आणि ८.७ टक्के होते, म्हणजे ताज्या रक्ताने फायदा झाला नाही. नवजात बाळाचे रक्त बदलायचे असते तेव्हा मात्र ताजी पिशवी निवडतात, कारण साठवलेल्या रक्तात पोटॅशियम वाढलेले असते. एवढा अपवाद मान्य आहे.

नासाडी होतच नाही, असे मी म्हणणार नाही. माहितीच्या अधिकारातून २०१७ मध्ये बाहेर आलेला, देशभरात पाच वर्षांत २८ लाखांहून अधिक पिशव्या टाकून दिल्याचा आकडा खोटा नाही. पण त्यात प्लाझ्मा आहे, पाच दिवसच टिकणाऱ्या प्लेटलेट्स आहेत, चाचणीत दोष निघालेल्या पिशव्या आहेत. २०१६-१७ च्या नासाडीतला निम्मा वाटा तर प्लाझ्माचाच होता. तांबड्या पेशींपैकी मुदत संपल्यामुळे वाया जाणाऱ्या पिशव्या बव्हंशी पॉझिटिव्ह गटांच्या असतात, विशेषतः एबी पॉझिटिव्ह, कारण त्या दुसऱ्या गटाला चालत नाहीत. त्याला आपली शिबिरेही जबाबदार आहेत. गणेशोत्सवात किंवा एखाद्या नेत्याच्या वाढदिवशी एका मांडवात तीनशे पिशव्या गोळा होतात आणि त्या सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपते. मे महिन्यात, लोक सुट्टीत गावी गेल्यावर, तीच पेढी रिकामी असते. आकडा मोठा दाखवण्याची हौस मंडळांना असते आणि पेढ्याही नको म्हणायला बिचकतात, हे कबूल करावे लागते. तेव्हा मंडळांनी शिबिर रद्द करण्याऐवजी तीन महिन्यांत विभागावे, आणि निगेटिव्ह गटाच्या दात्यांनी त्या दिवशी पिशवी भरण्याआधी नाव, फोन आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख पेढीकडे नोंदवावी.

आता भावोजींच्या चार पिशव्या. राखीव म्हणून बाजूला ठेवलेली पिशवी दुसऱ्या रुग्णासाठी नसल्यासारखीच असते. ओ निगेटिव्हच्या पाचांपैकी चार आपण अडवल्या, तर पुढचे दोन-तीन आठवडे पेढीकडे सगळ्या शहरासाठी एकच उरते, आणि सुनेची प्रसूती सुरळीत झाली, तर त्या चार पिशव्यांचे उरलेले दिवस वाया गेलेले असतात. त्याऐवजी तिच्या रक्तगटाबरोबर प्रतिपिंडांची तपासणी आताच करून घ्यावी. ती स्वच्छ आली, तर योग्य पिशवी जुळवायला पेढीला फारसा वेळ लागत नाही. प्रसूतीची अपेक्षित तारीख रुग्णालयाने पेढीला कळवावी आणि दोन पिशव्या त्या आठवड्यापुरत्याच राखाव्यात. नात्याबाहेरचे दोन ओ निगेटिव्ह दाते, ज्यांच्या मागच्या रक्तदानाला तीन महिने होऊन गेले आहेत, त्यांना त्या काळात शहरात राहायला सांगून ठेवावे. चार पिशव्यांची विनंती भावोजींनी उद्या सकाळीच मागे घ्यावी.