उत्तर चुकलं, पण वजाबाकी बरोबर होती

★☆☆☆☆ "सराव प्रश्नसंचात प्रश्न होता: न्यूयॉर्कची प्रमाणवेळ ७५° पश्चिम रेखावृत्तावरून ठरते, लॉस एंजेलिसची १२०° पश्चिमेवरून. न्यूयॉर्कला दुपारचे १२ वाजले असतील तर लॉस एंजेलिसला किती? उत्तरसूचीत दुपारचे ३! खरं उत्तर सकाळचे ९. तब्बल सहा तासांची चूक. यांना अंशांची वजाबाकीसुद्धा येत नाही."

नमस्कार. उत्तर चुकलं आहे, ९ हेच बरोबर. मनापासून माफी मागतो.

मात्र वजाबाकीचं म्हणाल तर ते लागलं. १२० मधून ७५ गेले की ४५ उरतात, आणि पृथ्वीला १५ अंश फिरायला एक तास लागतो, म्हणजे तीन तास. आमच्या उत्तरातही तीनच तास आहेत. ते वजा करायचे तिथे मिळवले गेले. दिशा उलटली की चूक नेहमी फरकाच्या दुप्पट दिसते, म्हणून तुम्हाला सहा तास दिसले. सहा तासांचा हिशोब आम्ही कुठेच केलेला नाही.

हे झालं कसं, तेही सांगतो. मूळ प्रश्न ३०° पूर्व आणि ७५° पूर्व असा होता. पूर्वेकडे अंश वाढले की घड्याळ पुढे जातं, त्यामुळे तिथे तीन तास मिळवणंच बरोबर होतं. नव्या आवृत्तीसाठी आकडे पश्चिमेचे घेतले, पण स्पष्टीकरणातलं 'मोठा अंश, पुढची वेळ' हे वाक्य तसंच राहिलं. पश्चिमेकडे नेमकं उलट होतं. १२०° हे ७५° पेक्षा आणखी पश्चिमेला, म्हणजे सूर्य तिथे उशिरा पोहोचतो. न्यूयॉर्कला माध्यान्ह असताना लॉस एंजेलिसला दुपार कलायला लागणं शक्यच नाही. एवढं तपासलं असतं तर चूक छापण्याआधीच सापडली असती. ते आमच्याकडून राहिलं, कबूल.

पश्चिमेचे अंश ऋण धरले तर हा घोळ होत नाही: (−१२०) − (−७५) = −४५, म्हणजे तीन तास मागे.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यात शहरांचे स्वतःचे रेखांश, साधारण ७४° आणि ११८°, घेऊन "तीन तासही चूक, तीन तासांना काही मिनिटं कमी" असं लिहिलं होतं. तो हिशोब स्थानिक सौर वेळेचा. प्रश्न प्रमाणवेळेचा होता आणि तिथे फरक पुरे तीन तासच. आम्ही तेव्हा ते जाहीर सांगत बसलो नाही.

दुरुस्त उत्तरसूची पाठवतो, पश्चिमेचे बाकी प्रश्नही तपासून घेऊ. हे काम आम्ही दोघंच करतो, आणि घर यावरच चालतं. तारे वाढवा असं म्हणत नाही. वजाबाकीचं ते एक वाक्य काढता आलं तर बघा.