E18 म्हणजे अठरा मिनिटं नव्हेत

भाचा जर्मनीत. तिथे भाड्याच्या घरातलं वॉशिंग मशिन अडलं. त्यानं पॅनेलचा फोटो ताईला पाठवला, ताईनं मला, आणि मी नेमका गंगापूर रोडला मिसळ खात होतो. मशिन दुरुस्तीवर माझं घर चालतं, पण ताईच्या लेखी मी अजून शेंडेफळच.

फोन स्पीकरवर होता. समोरच्या गृहस्थांनी न विचारता तर्रीचं बोट माझ्या स्क्रीनवर टेकवून फोटो मोठा केला.

"E18? अठरा मिनिटं राहिलीत. थांब म्हणावं पोराला."

"बघ, काका किती शांतपणे सांगतायत," ताई म्हणाली.

उरलेला वेळ 0:18 असा दिसतो. आधी E आलं की बिघाड. या मशिनवर E18 म्हणजे पाणी बाहेर पडत नाहीये. दुसऱ्या एका कंपनीत याच दुखण्याला OE म्हणतात. दुखणं एक, नावं छप्पन्न, आणि शिव्या मात्र मेकॅनिकला!

काकांचं बोट सरकलं. "हे फूल?"

"पावडरच्या खणातलं फूल म्हणजे सॉफ्टनर. II मध्ये रोजची पावडर, I मध्ये आधीच्या भिजवणीची."

"मला वाटलं देवाचे कपडे. आणि ही जिलबी?"

"पिळणं."

"आणि Abpumpen?"

"पाणी उपसणं."

"मग तेच दाबायला सांगा की! उगाच विद्वत्ता!"

अहो, भाच्यानं ते केव्हाच करून पाहिलं होतं. पंप नुसता घरघरत होता. वाटच तुंबली असेल तर बटण काय करणार? आत पाणी भरलेलं, म्हणून दारही उघडत नव्हतं. तो ते ओढत बसला होता. कडी तुटली असती म्हणजे घरमालकानं डिपॉझिटमधून वळती केली असती.

शेवटी काकांकडे पाठ फिरवून भाच्याला सांगितलं: मशिन बंद कर, प्लग काढ. गरम पाण्याची धुलाई असेल तर पाणी निवू दे. खाली कोपऱ्यात छोटं झाकण आहे, त्याच्यासमोर पसरट ताट ठेव. आतली फिल्टरची चकती थोडीशीच सैल कर, ताट भरलं की पुन्हा आवळ, ओत, परत सैल कर. एकदम काढलीस तर खोलीत गोदावरी. पाणी संपलं की फिल्टर बाहेर काढ आणि आतला पंखा बोटानं फिरतो का बघ. मग चकती घट्ट बसव, नाहीतर तिथूनच गळेल, आणि आता Abpumpen लाव.

"अठरा मिनिटं झाली असतील एव्हाना," काका म्हणाले.

पाणी गेलं, दार उघडलं. ताईनं स्पीकरवरूनच काकांचे आभार मानले.

तेवढ्यात भाच्यानं फॅमिली ग्रुपवर फिल्टरमधल्या ऐवजाचा फोटो टाकला: एक नाणं आणि केसांची गुलाबी पिन. पोरगा तिथे एकटा राहतो, असं आम्हां सगळ्यांना माहीत होतं.

ताईचा लगेच फोन. मला!

"तुला काय नडलं होतं रे फिल्टर उघडायला लावायचं? काका थांब म्हणत होते ना?"