खुलासा: टर्नस्टाइलच्या तक्त्यात नोंदी दोन नव्हे, चार

"टर्नस्टाइलला दोनच नोंदी पुरतात. बंद असताना नाणं टाकलं की उघडं, उघडं असताना ढकललं की बंद. बाकी अवस्था बदलतच नाही, ते लिहू नका."

टर्नस्टाइल म्हणजे नाणं टाकून ढकललं की एका माणसाला आत सोडणारं फाटक. त्याच्या अवस्थांच्या तक्त्याबद्दल सोलापुरातल्या डिप्लोमाच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज अर्धवट आहे. अवस्था दोन, इनपुट दोन, म्हणजे तक्त्यात घरं चार, आणि प्रत्येक घरात पुढची अवस्था. अवस्था तीच राहत असली तरी तेही लिहावं लागतं.

| अवस्था | नाणं | ढकलणं |
|---|---|---|
| बंद | उघडं | बंद |
| उघडं | उघडं | बंद |

समजा गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापाशी असं फाटक बसवलंय. कुणी घाईत दोन नाणी टाकून दोनदा ढकललं, तर तक्त्यानुसार अवस्था होतात उघडं, उघडं, बंद, बंद. म्हणजे दुसरं नाणं वाया गेलं, आत एकच माणूस गेला. दोन नोंदींच्या तक्त्यात मात्र दुसऱ्या नाण्यालाच उत्तर नाही. पायथनच्या डिक्शनरीत तिथेच `KeyError` येतो. दोन नाण्यांत दोघांना सोडायचं असेल, तर "दोन जमा" ही तिसरी अवस्था हवी, आणि मग घरं सहा.

"न लिहिलेलं म्हणजे अवस्था तीच" असा नियम स्पष्ट दिला असेल, तर तक्त्याऐवजी बाणांची आकृती काढताना त्याच अवस्थेत परतणारे बाण गाळलेले चालतात. मेसेजमध्ये तो नियम नाही. तेव्हा तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा तक्ता टाका.