रुपया दोनदा मोजू नका

"शैक्षणिक कर्ज घाईने फेडू नका. कर्ज ११ टक्क्यांचं, फंड १२ टक्के देतो. वर रुपया घसरतो, म्हणजे डॉलर कमावणाऱ्याचं कर्ज आपोआप स्वस्त होतं. शिवाय व्याजावर करसवलत आहेच. जादा पैसे गुंतवा."

हा मेसेज भाच्याने ह्यूस्टनहून पाठवला, खाली एकच ओळ: "मामा, पटतंय का?" पोरगा यांत्रिकी अभियंता, एच-१बी व्हिसावर नोकरी. सांगलीच्या बँकेचं ४० लाखांचं कर्ज बाकी, दर ११ टक्के, वडील सहकर्जदार आणि घर तारण. दहा वर्षांचा हप्ता साधारण ५५,१०० रुपये. तो भरून महिन्याला हजार डॉलर शिल्लक राहतात.

पहिली गोची १२ टक्क्यांतच आहे. हा आकडा भारतातल्या फंडाचा, रुपयातला. तिथे पैसे घातले तर कर्जही रुपयात आणि गुंतवणूकही रुपयात. रुपया घसरला तर दोन्ही सारखंच घसरतं, त्याचा फायदा उरत नाही. (शिवाय अमेरिकेचा करदाता रहिवासी झाल्यावर भारतीय म्युच्युअल फंडावर तिथे फार जाचक कर लागतो. तो वेगळाच ताप.) रुपयाचा फायदा हवा असेल तर गुंतवणूक डॉलरमध्ये करावी लागेल, आणि मग १२ टक्के विसरावे लागतील. मेसेजवाल्याने एक पाय भारतात ठेवलाय, दुसरा अमेरिकेत.

तर डॉलरमध्येच हिशेब करू. डॉलर ८५ रुपये धरा, रुपया वर्षाला ३ टक्के घसरतो असं माना. आज हजार डॉलर पाठवून ८५,००० रुपये मुद्दल फेडलं. न फेडता ठेवलं असतं तर वर्षाने त्याचे ९४,३५० झाले असते. डॉलर तेव्हा ८७.५५ रुपये, म्हणजे ते फेडायला सुमारे १,०७८ डॉलर लागले असते. थोडक्यात कर्जफेडीची कमाई ७.८ टक्के, आणि ती ठरलेली; फक्त रुपयाचा अंदाज चुकू शकतो.

तेच हजार अमेरिकेच्या निर्देशांक फंडात घातले आणि दीर्घकालीन सरासरीइतके, म्हणजे १० टक्के मिळाले, तर १,१००. विकताना नफ्यावर १५ टक्के कर, हातात १,०८५. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून एवढे तरी उरले.

फरक हजारामागे सात डॉलर. त्या सात डॉलरसाठी जोखीम कसली, तर २०२२ मध्ये एस अँड पी ५०० हा अमेरिकी शेअर निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे १८ टक्के खाली आला होता. रुपया दरवर्षी घसरतोच असंही नाही. २०१७ मध्ये डॉलर ६८ च्या आसपास सुरू झाला आणि वर्षअखेर ६४ च्या खाली होता. तसं वर्ष आलं की कर्ज डॉलरमध्ये ११ टक्क्यांहूनही महाग पडतं.

करसवलतीचं काय? शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट भारतातल्या करपात्र उत्पन्नातून मिळते, तेही जुन्या करप्रणालीत आणि जास्तीत जास्त आठ वर्षं. भाच्याचं भारतात उत्पन्नच नाही. मेहुण्यांचं पेन्शन इतकं की त्यांना करच बसत नाही. शून्यातून वजावट करून काय मिळणार?

मेसेजात एक गोष्ट मात्र खरी आहे: सगळं कर्जात ओतू नये. कंपनी फोर-ओ-वन-के या अमेरिकेतल्या निवृत्ती बचत खात्यात स्वतःची भर घालत असेल, तर ती मिळेल तेवढा पगार आधी तिथे वळवावा. भाच्याची कंपनी त्याच्या डॉलरमागे अर्धा डॉलर घालते, त्याला ११ टक्क्यांचं कर्ज काय टक्कर देणार? दुसरं म्हणजे रोख. एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला बहुतेकदा ६० दिवसच मिळतात. फेडलेलं मुद्दल बँक परत देत नाही. म्हणून सहा महिन्यांचा खर्च आणि तेवढेच हप्ते आधी बाजूला. त्याने ते जमवायला आठ महिने घेतले, त्या काळात जादा एक रुपयाही फेडला नाही, आणि मी त्याला टोकलंही नाही.

उरलेले हजार आता दर महिन्याला मुद्दलात. दर बदलता असेल तर मुदतपूर्व फेडीवर वैयक्तिक कर्जदाराला दंड नसतो. मंजुरीपत्रात दर स्थिर की बदलता ते आधी पाहायचं.

पहिल्याच वेळी मात्र घोळ झाला. बँकेने त्याचे ८५,००० पुढचे हप्ते म्हणून धरून ठेवले. हे ओळखायचं कसं? मुद्दलात ८५,००० गेले की पुढच्या महिन्याचं व्याज नेहमीच्या घटीपेक्षा साधारण ७८० रुपये जास्त उतरायला हवं. त्याच्या स्टेटमेंटमध्ये ते उतरलं नव्हतं. मग त्याने "ही रक्कम मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा" अशी लेखी विनंती ईमेलने केली. आता दर महिन्याला मेहुणे स्टेटमेंट काढतात, व्याजाच्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल करतात आणि फोटो ह्यूस्टनला पाठवतात.